स्थानिक पालक : सही कुणाची आणि जबाबदारी कशाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या शाळांत एक चित्र हमखास दिसते. मुलगा किंवा मुलगी शहरातल्या वसतिगृहाचा फॉर्म घेऊन येते, बरोबर वडील असतात, आणि दोघेही गुरुजींच्या टेबलाशी उभे राहतात. नाव, गाव, जात, उत्पन्न, गुण हे सारे भराभर लिहून होते. आईवडिलांचे नाव आणि पत्ता लिहून होतो. मग एक रकाना येतो आणि लेखणी थांबते. वर छापलेले असते, 'स्थानिक पालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी व सही'.

वडील म्हणतात, "आता हे कोण? पालक तर मीच आहे की."

मग कुणाला तरी आठवते, की पुण्याला आपल्या गावचा अमुक एक साहेब असतो. त्याचे नाव लिहिले जाते. जागा रिकामी राहू नये म्हणून सही मुलगाच करून टाकतो. फॉर्म भरला जातो, प्रवेश मिळतो, आणि त्या साहेबांना या गोष्टीचा पत्ताही नसतो. हे किती महागात पडू शकते, ते मुलाला पहिला ताप येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून या एका रकान्याविषयीच आज थोडे सविस्तर बोलू.

प्रथम, हा स्थानिक पालक असतो तरी कोण? मूल ज्या शहरात शिकायला राहते त्याच शहरात राहणारा, आईवडिलांनी नेमलेला आणि वसतिगृहाने मान्य केलेला हा प्रौढ माणूस. आईवडील दूर असताना वसतिगृहाने निरोप दिला तर येऊन उभा राहील असा. त्याचे मुख्य काम एवढेच. फॉर्मवर त्याचे नाव मागतात ते मोठेपणासाठी नव्हे. रात्री अकरा वाजता रेक्टरांनी फोन केला तर तासा-दीड तासात दारात कोण येईल, हे त्यांना ठाऊक असावे म्हणून मागतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण 'पालक' या शब्दाने पुष्कळ घोटाळा होतो. कायद्याने पालक म्हणजे कोण, ते वेगळे ठरलेले आहे. अठरा वर्षांखालील मूल अज्ञान समजले जाते. हिंदू कुटुंबांपुरते बोलायचे तर १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे बाप आणि त्याच्यानंतर आई हे मुलाचे नैसर्गिक पालक. यातल्या 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मोकळा करून सांगितला. बाप जिवंत असला, तरी तो काही कारणाने मुलाकडे पाहत नसेल तर आई पालक म्हणून काम पाहू शकते. या दोघांखेरीज दुसऱ्या कुणाला कायदेशीर पालक व्हायचे असेल, तर सर्वसाधारणपणे न्यायालयात जाऊन, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, नेमणूक करून घ्यावी लागते.

स्थानिक पालक या दोन्हींपैकी कुणीच नाही. फॉर्मवर सही केल्याने मामा किंवा मावशी मुलाची कायदेशीर पालक होत नाही. आईवडिलांचा हक्क कमी होत नाही आणि मावशीला नवा हक्क मिळत नाही. मुलाचे महाविद्यालय बदलणे, त्याच्या नावच्या पैशाचे व्यवहार करणे, दाखला काढून घेणे, ही कामे आईवडिलांचीच राहतात. स्थानिक पालक हा संस्थेच्या नियमाने निर्माण झालेला माणूस आहे. देशभर लागू असा त्याचा एकच कायदा नाही. म्हणून एका वसतिगृहाला जे चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही, आणि फॉर्मसोबतची नियमांची पाने वाचल्याशिवाय सही करू नये असे सांगावे लागते.

काही मुले आईवडिलांपाशी वाढतच नाहीत. कुणी आजोळी असते, कुणी चुलत्याकडे. अशा वेळी गावाकडचा चुलता 'पालक' या रकान्यात येतो आणि शहरातला माणूस 'स्थानिक पालक' या रकान्यात. दोन्ही ठिकाणी गावच्याच चुलत्याचे नाव लिहून चालत नाही. शिक्षकांनी स्वतःचे नाव लिहून देण्याचेही टाळावे. मुलावरच्या मायेपोटी गुरुजी म्हणतात, "माझंच नाव टाक." पण गुरुजी राहतात गावी. मुलगा आजारी पडला तर तेही आईवडिलांइतकेच लांब.

आता, कोण चालतो आणि कोण चालत नाही? बहुतेक वसतिगृहांच्या नियमांत चार गोष्टी सापडतात. माणूस प्रौढ असावा. तो त्या शहरात कायम राहणारा असावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा त्याने द्यावा. तो स्वतः विद्यार्थी किंवा वसतिगृहात राहणारा नसावा. आणि गरज पडल्यास मुलाला एक-दोन दिवस घरी ठेवून घेता येईल असे त्याचे घर असावे. मुलींच्या वसतिगृहांत पुष्कळदा कुटुंबवत्सल माणूस, शक्यतो जवळचा नातेवाईक, असा आग्रह असतो. काही ठिकाणी त्याला प्रवेशाच्या दिवशी समक्ष बोलावून रेक्टरांसमोर सही घेतात, त्याचे छायाचित्र लावून घेतात, आणि पुढे ज्याचे छायाचित्र नोंदलेले आहे त्याच्याबरोबरच मुलीला बाहेर सोडतात. मावशीचे छायाचित्र आणि न्यायला आले काका, अशी वेळ येते तेव्हा काका कितीही सख्खे असले तरी फाटकावरून परत जातात. म्हणून जेथे परवानगी असेल तेथे नवरा-बायको दोघांचीही नावे आणि छायाचित्रे द्यावीत.

हे सारे एका उदाहरणाने पाहू, म्हणजे नीट लक्षात येईल.

समजा, बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली एक मुलगी आहे. दहावी चांगल्या गुणांनी झाली, पुण्यात तंत्रनिकेतनात पदविकेला प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागाही मिळाली. वय सोळा. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की वसंत ऋतूपर्यंत त्यांचा मुक्काम सांगली जिल्ह्यातल्या कारखान्याच्या फडात. म्हणजे मुलीचे पहिले वर्ष ऐन भरात असेल तेव्हा आईवडील गावीही नाहीत आणि पुण्यातही नाहीत. फडात कधी रेंज असते, कधी नसते. अशा घरच्या मुलीला स्थानिक पालकाची गरज इतर कुणाहीपेक्षा जास्त.

फॉर्म भरायला बसल्यावर तिघांची नावे पुढे आली. पहिला, वडिलांचा चुलतभाऊ. चाकणला कारखान्यात कामाला, तीन पाळ्यांत काम, चार मित्र मिळून एका खोलीत राहतात. दुसरे, गावचेच एक निवृत्त अधिकारी. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, गावात मोठा मान. तिसरी, आईची सख्खी बहीण. पिंपरीला दोन खोल्यांत राहते, नवरा रिक्षा चालवतो, ती स्वतः दोन घरी स्वयंपाकाला जाते.

वडिलांचे मन साहजिकच साहेबांच्या नावाकडे झुकले. मोठ्या माणसाचे नाव असले म्हणजे रेक्टर मान देतील, अशी त्यांची समजूत. गुरुजींनी मात्र एक साधा प्रश्न विचारला, "रात्री फोन आला तर यातलं कोण उठून निघेल?"

साहेबांना फोन लावला. ते सभ्य माणूस. म्हणाले, "नाव टाकायला हरकत नाही, पण मी वर्षातले पाच-सहा महिने मुलाकडे बेंगळुरूला असतो." झाले, उत्तर मिळाले. चाकणचा चुलता जिवाला जीव देणारा, पण रात्रपाळीत त्याला फोन जवळ बाळगता येत नाही, आणि चार पुरुषांच्या खोलीत मुलीला ठेवणार कुठे? राहिली मावशी. घर लहान, पण चोवीस तासांत कुणी ना कुणी घरी असते, आणि दारात रिक्षा उभी असते. निवड मावशीची झाली.

पण येथे एक अडचण आली. नियमांत छापले होते, स्थानिक पालक 'पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत' राहणारा असावा. आपण गावाकडची माणसे पुणे आणि पिंपरी एकच धरतो. पण पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका स्वतंत्र आहे, आणि शब्दशः वाचले तर मावशी हद्दीबाहेर जाते. अशा वेळी काही जण दुसऱ्याच कुणाचा तरी पुण्यातला पत्ता लिहून मोकळे होतात. ते करू नये. गुरुजींनी रेक्टरांना फोन करून खरी परिस्थिती सांगितली आणि त्यांच्या सांगण्यावरून वडिलांच्या सहीने अर्ज दिला. अर्जात लिहिले, की मुलीची सख्खी मावशी पिंपरीस राहते, वसतिगृहापासून अंतर पंधराएक किलोमीटर आहे, रात्री-बेरात्री येण्यास घरचे वाहन आहे, तरी तिला स्थानिक पालक म्हणून मान्यता द्यावी. रेक्टरांनी त्यावर 'मान्य' असा शेरा मारून सही केली. ती प्रत जपून ठेवली. नियम संस्थेचा असल्याने त्यात सवलत देण्याचा अधिकारही संस्थेचाच, आणि खरे कारण लेखी मांडले तर पुष्कळदा ती मिळते. नाकारली तर निदान आधी कळते आणि दुसरा माणूस शोधायला वेळ राहतो.

पुढची पायरी सहीची. मावशीने हमीपत्र स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावे. कारण या कागदातले एखादे वाक्य साध्या माणसाला कळत नाही आणि पुढे अडचण करते. 'विद्यार्थिनीच्या आजारपणात व अडचणीच्या वेळी मी तातडीने हजर राहीन' हे वाक्य ठीक आहे. स्थानिक पालकाचे काम तेच. पण काही हमीपत्रांत पुढे असेही असते, की 'विद्यार्थिनीकडून येणे असलेली सर्व रक्कम भरण्यास मी जबाबदार राहीन'. हे वाक्य निराळे आहे. त्याने माणूस जामीन होतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी, करारात दुसरे काही ठरले नसेल तर, मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे खानावळीचे बिल थकले किंवा खोलीतले सामान मोडले, तर वसतिगृह सरळ मावशीकडे पैसे मागू शकते.

आपल्या उदाहरणात मावशीने ते वाक्य रेक्टरांना दाखवले आणि नम्रपणे म्हणाली, "मुलीला बघीन, दवाखान्यात नेईन, घरी ठेवीन. पण पैशाचं हमीपत्र तिच्या बापानं दिलंय, ते माझ्यावर नको." रेक्टरांच्या संमतीने ते वाक्य खोडले आणि खोडल्या जागी दोघांनी छोट्या सह्या केल्या. प्रत्येक ठिकाणी असे मान्य होईलच असे नाही. मान्य झाले नाही, तर सही करायची की नाही हे ठरवणे ज्याच्या त्याच्या हाती. पण काय लिहिले आहे ते जाणून सही व्हावी. पुढे कळले म्हणजे नात्यात वितुष्ट येते, आणि त्याचा भार मुलीच्या मनावर पडतो.

पत्त्याचा पुरावा म्हणून आधारकार्डाची प्रत मागतात. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेल्या क्रमांकाची आधार प्रत सरकारच्या आधार संकेतस्थळावरून काढता येते. ती चालते का, ते विचारावे. साधी झेरॉक्स द्यावी लागली, तर तिच्यावर आडवे लिहावे, 'फक्त वसतिगृह प्रवेशासाठी', आणि खाली तारीख व सही करावी. कागद भलतीकडे वापरला जाण्याची भीती त्याने कमी होते.

आता फोन नंबर. सगळ्यांत जास्त फसवणूक येथे होते, आणि ती मुलेच करतात. आजकाल बऱ्याच वसतिगृहांत रजेची परवानगी फोनवर घेतात. मूल सुट्टीच्या दिवशी बाहेर जायचे म्हणते, तेव्हा नोंदलेल्या नंबरवर फोन जातो किंवा संदेश जातो. काही मुले स्थानिक पालकाच्या जागी मित्राचा किंवा स्वतःचाच दुसरा नंबर देऊन ठेवतात. महिनेच्या महिने काही कळत नाही. मग एखाद्या रात्री मूल अपघातात सापडते, रेक्टर त्या नंबरवर फोन लावतात, आणि फोन वाजतो तो मुलाच्याच खिशात. हे ओळखायचे कसे? सोपे आहे. प्रवेश झाल्यावर आठवडाभरात वडिलांनी किंवा गुरुजींनी रेक्टरांना फोन करून विचारावे, "आमच्या मुलाच्या स्थानिक पालकाचा कोणता नंबर आपल्याकडे लिहिलेला आहे?" नंतर तो नंबर स्वतः लावून पाहावा. पलीकडून ओळखीचा आवाज आला म्हणजे झाले. सहीचेही तसेच. नमुना सही एकाची आणि रजेच्या अर्जावरची सही दुसऱ्याची असेल, तर अनुभवी गृहपालाच्या ती लगेच नजरेत येते. खोटी सही हे वसतिगृहातले नाव कमी होण्याला पुरेसे कारण ठरू शकते, आणि वर्षाच्या मध्येच जागा गेली तर शिक्षणावरच पाणी पडते.

आता आपल्या धारूरच्या मुलीकडे परत वळू. नोव्हेंबर महिना, आईवडील फडावर. एका रात्री दहाच्या सुमारास मुलीच्या पोटात उजव्या बाजूला असह्य कळ येऊ लागली, उलट्या झाल्या. रेक्टरबाईंनी तिला रुग्णालयात हलवले आणि मावशीला फोन केला. रिक्षाने मावशी-काका पाऊण तासात पोचले. डॉक्टर म्हणाले, आंत्रपुच्छाला सूज आहे, सकाळपर्यंत शस्त्रक्रिया करावी लागेल. संमतीची सही कोण करणार?

मुलगी सोळा वर्षांची, म्हणजे अज्ञान. संमती आईवडिलांची हवी. मावशी स्थानिक पालक असली तरी कायद्याने पालक नाही, हे आपण वर पाहिलेच. मग काय करायचे? येथे उपयोगी पडले ते एक साधे पत्र. जूनमध्येच गुरुजींनी आईवडिलांकडून ते लिहून घेतले होते. त्यातला मजकूर असा होता :

'आम्ही खाली सही करणार, अमुक हिचे आईवडील, लिहून देतो की, आमची मुलगी पुणे येथे शिक्षणासाठी वसतिगृहात राहत आहे. तिची मावशी व स्थानिक पालक श्रीमती अमुक यांना आम्ही असा अधिकार देतो की, आमच्याशी वेळेवर संपर्क होऊ शकला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलीस रुग्णालयात दाखल करणे व आवश्यक त्या उपचारांस आणि शस्त्रक्रियेस आमच्या वतीने संमती देणे, ही कामे त्यांनी करावीत. उपचारांचा खर्च आमच्यावर राहील. मुलीस अमुक औषध सोसत नाही.'

खाली आई आणि वडील दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार, आणि तीन फोन नंबर : वडिलांचा, मुकादमाचा आणि गावच्या शेजाऱ्याचा. पत्राच्या तीन प्रती होत्या. एक वसतिगृहात, एक मावशीकडे आणि एक मुलीच्या पेटीत.

वडिलांचा फोन लागला नाही. मुकादमाचा लागला. त्याने कोपीवर जाऊन आईला उठवले आणि डॉक्टर तिच्याशी बोलले. आईने फोनवर होकार दिला, मावशीने पत्राची प्रत दाखवून सही केली, आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली. आईवडील सांगलीकडून सव्वादोनशे किलोमीटरांवर प्रवास करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले, तेव्हा मुलगी शुद्धीवर होती आणि मावशी उशाशी बसलेली होती.

हे पत्र म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, हे लक्षात ठेवावे. एखादे रुग्णालय त्यावर भागवणार नाही आणि आईवडिलांचीच सही मागेल, असेही होऊ शकते. पण आईवडिलांची इच्छा काय आहे याचा तो लेखी पुरावा असतो, आणि फोनवरच्या होकाराला त्याचे बळ मिळते. जेथे जिवावरचेच संकट असते, तेथे तर सहीवाचून उपचार अडून राहू नयेत. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आणि कोणतेही सोपस्कार त्याच्या आड येऊ नयेत. तेव्हा सही कुणाची या घोळात मावशीने घाबरून जाऊ नये. ती हजर आहे, मुलीला पूर्वी कोणते आजार झाले ते सांगते आहे, आईवडिलांशी गाठ घालून देते आहे, याचाच डॉक्टरांना मोठा आधार होतो.

आजारपणाची पाळी सुदैवाने रोज येत नाही. वर्षभरातली बाकीची कामे किरकोळ वाटतात, पण तीही समजून घ्यायला हवीत. दिवाळीत किंवा साथीच्या वेळी वसतिगृह अचानक बंद झाले, तर मुलाला घरी नेणे. मुलाच्या वागणुकीविषयी किंवा गैरहजेरीविषयी बोलावणे आले, तर जाऊन ऐकून घेणे आणि ते जसेच्या तसे आईवडिलांना कळवणे. महिन्यातून एकदा समक्ष भेटणे. आणि रजेच्या अर्जावर सही करणे.

या शेवटच्या कामात स्थानिक पालकाने एक पथ्य पाळावे. मूल म्हणते, "मावशी, मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला जायचंय, तुझ्याकडं येते असं लिहून दे ना." मावशी मायेने सही करते. त्या क्षणापासून मूल कागदोपत्री मावशीच्या घरी असते आणि प्रत्यक्षात डोंगरावर. काही बरेवाईट झाले, तर वसतिगृह तो कागद पुढे करते, आणि मावशीला उत्तर देता येत नाही. म्हणून जे खरे ठिकाण तेच लिहावे. परवानगी द्यायची तर आईवडिलांना विचारून, लोणावळा असे लिहूनच द्यावी.

मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे चित्र थोडे बदलते. आता ते सज्ञान. शस्त्रक्रियेची संमती, शुद्धीवर असेल तर, त्याची स्वतःची. मावशीने किंवा आईवडिलांनी त्याच्यावर कायद्याने सक्ती करता येत नाही. तरीही वसतिगृह स्थानिक पालक मागतेच, कारण तो वसतिगृहात राहण्याचा नियम आहे आणि प्रवेश घेताना मुलाने तो मान्य केलेला असतो. आपली धारूरची मुलगी पदविका संपण्याआधीच अठरा पूर्ण करील. तेव्हाही मावशीचे नाव राहील, पण वरचे पत्र तेव्हा मुलीच्या स्वतःच्या सहीने नव्याने लिहावे, की मला बोलता येत नसेल अशा वेळी अमुक व्यक्तीला बोलवा.

स्थानिक पालकाची सही एकदा झाली म्हणजे कायमची झाली असे नाही. मावशीने घर बदलले, नंबर बदलला, किंवा तिला आता हे काम झेपत नाही, तर तिने तसे रेक्टरांना लेखी कळवावे आणि आईवडिलांनी दुसरे नाव द्यावे. नुसते तोंडी सांगून नाव निघत नाही. जुन्या कागदावर ते तसेच राहते. दरवर्षी फॉर्म नवा भरताना पत्ता आणि नंबर पुन्हा तपासावा, मागच्या वर्षीचा पाहून उतरवू नये.

पुष्कळ शिक्षक विचारतील, ज्यांचे शहरात कुणीच नाही त्यांनी काय करायचे? पूर्वी खेड्यातली मुले शहरात वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यांच्या अडीअडचणीला ती घरे उभी राहत. आता वार गेले आणि घरेही दुरावली. तरी शोधले तर माणूस सापडतो. गावचा शहरात नोकरीला असलेला कुणी, शाळेचा जुना विद्यार्थी जो आता संसाराला लागला आहे, गुरुजींच्या ओळखीतले एखादे शिक्षक कुटुंब. मात्र त्यांना आधी विचारावे, वर सांगितलेली सारी कामे सांगावीत, आणि नंतरच नाव लिहावे. पैसे घेऊन नाव देणारी माणसे शहरात भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. सही मिळेल, पण रात्री कुणी येणार नाही, आणि मुलीला परक्या माणसाच्या हवाली करण्याचा धोका वेगळाच. कुणीही मिळाले नाही तर रकान्यात खोटे नाव न घालता, 'स्थानिक पालक उपलब्ध नाही, मार्गदर्शन व्हावे' असा अर्ज रेक्टरांना द्यावा. काही संस्था अशा मुलांसाठी आपल्याच एखाद्या प्राध्यापकाकडे ते काम सोपवतात.

शासकीय वसतिगृहाच्या मुलांना आणखी एक शंका येते. शासनाच्या वसतिगृहात किंवा स्वाधार योजनेत मूल त्याच शहरातले रहिवासी नसावे अशी अट असते. मग शहरातल्या मावशीचे नाव दिले तर आपण स्थानिक ठरू का? नाही. रहिवास पाहतात तो विद्यार्थ्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा. मावशीचा पत्ता फक्त स्थानिक पालकाच्या रकान्यात लिहावा. मुलाचा कायमचा पत्ता म्हणून तो चुकूनही लिहू नये, कारण तसे लिहिले तर मात्र अर्ज अडतो.

तर गुरुजी, येत्या जूनमध्ये कुणी फॉर्म घेऊन आले आणि त्या रकान्याशी लेखणी थांबली, म्हणजे आधी त्या माणसाला फोन लावा. तो कुठे राहतो, रात्री फोन उचलतो का, मुलाला दोन दिवस ठेवून घेईल का, एवढे विचारा. हमीपत्र त्याला वाचून दाखवा. आईवडिलांचे पत्र तीन प्रतींत लिहून घ्या. आणि मगच त्या जागी, त्याच्याच हातची सही घ्या.